किल्ली हातात आल्यापासून राहायला जाईपर्यंत



येत्या काही आठवड्यांत तुमच्यापैकी बहुतेकांच्या हातात ताबापत्र आणि किल्ल्या पडतील. घरभाडं आणि कर्जाचा हप्ता दोन्ही एकदम चालू झाले की ‘राहायला कधी जायचं?’ हा प्रश्न रोज जेवणाच्या ताटावर निघतो. त्यामुळे किल्ली मिळाली की दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावण्याकडे सगळ्यांचा कल असतो. माझं सांगणं नेमकं उलट आहे. पहिले दोन-तीन आठवडे घरात प्लायवूडची एकही शीट येऊ देऊ नका.

कारण साधं आहे. आमच्या कामात प्रत्येक थर त्याच्या आधीचा थर झाकत जातो. कपाट भिंत झाकतं, फॉल्स सिलिंग वायरी आणि एसीचे पाइप झाकतं, रंग पुट्टी झाकतो. झाकलेल्या थरात दोष निघाला तर वरचं सगळं उचकटावं लागतं, आणि तो दोष कोणामुळे आला यावर बिल्डर एकीकडे बोट दाखवतो, सुतार दुसरीकडे. जे झाकलं जाणार आहे ते झाकण्याआधी तपासायचं, एवढं एकच सूत्र धरलं की कामाचा क्रम आपोआप ठरतो. गेल्या पावसाळ्यात आम्ही केलेल्या एका घराच्या आधाराने तो सांगते. पुनावळ्यातलं दोन बेडरूमचं घर, साधारण सातशे चौरस फूट कार्पेट. नवरा-बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि आजी. ताबा जूनच्या मध्यावर मिळाला आणि दसऱ्याला राहायला जायचं होतं.

ताबा घेताना भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या, आणि त्याबरोबर तुमच्या फ्लॅटचे प्लंबिंग आणि इलेक्ट्रिकचे नकाशेही. हे नकाशे सहसा कोणी मागत नाही. पुढे भिंतीत ड्रिल मारताना पाण्याची लाइन कुठून गेली आहे हे त्यावरूनच कळतं.

पहिला आठवडा दोष शोधायचा. त्यात सगळ्यात महत्त्वाची तपासणी बाथरूमची, आणि ती नळ सोडून पाहण्याने होत नाही. नहाणी ट्रॅपच्या तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं फडकं घट्ट बसवा आणि बाथरूमच्या जमिनीवर सगळीकडे दीड-दोन इंच पाणी साठेल एवढं सोडा. उंबऱ्यावरून पाणी बाहेर येणार नाही एवढंच बघा. पाण्याच्या पातळीवर टाइलला पेन्सिलने रेघ मारा आणि चोवीस तास दार बंद ठेवा. दुसऱ्या दिवशी पातळी रेघेपेक्षा केसभर खाली असेल तर हरकत नाही, थोडं पाणी उडतंच. अर्धा इंच खाली गेली असेल तर पाणी कुठेतरी मुरतं आहे. मग खालच्या मजल्यावर जाऊन बाथरूमच्या छताला, विशेषतः पाइप जिथून खाली उतरतो तिथे, हात लावून बघा. खालचा फ्लॅट रिकामा असेल तर बिल्डरच्या सुपरवायझरला बरोबर घेऊन जा, म्हणजे साक्षीदारही मिळतो.

पुनावळ्याच्या घरात कॉमन बाथरूमची पातळी उतरली. खालचं छत कोरडं होतं, पण बाथरूमच्या पलीकडच्या बेडरूममध्ये स्कर्टिंगच्या वर हातभर पट्टा गार लागू लागला. नेमकी त्याच भिंतीला सात फुटी कपाट यायचं होतं. ते आधी बसलं असतं तर ओल कपाटाच्या पाठीतून वर चढली असती आणि कपड्यांना बुरशीचा वास आल्यावर, वर्षभराने, कळलं असतं. बिल्डरने कोपऱ्यातल्या टाइल काढून वॉटरप्रूफिंग पुन्हा केलं आणि आम्ही तीच चाचणी पुन्हा घेतली. दुरुस्तीनंतर चाचणी परत घ्यायला लोक विसरतात.

इथे कायदा तुमच्या बाजूने आहे. रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला, कारागिरीतला किंवा दर्जातला दोष दाखवून दिला, तर विकसकाने तो तीस दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. पण सांगणं लेखी हवं. फोटो काढा, प्रत्येक फोटोखाली खोली आणि भिंत लिहा, सगळं एका ईमेलमध्ये पाठवा आणि पोच घ्या. सुपरवायझरशी जिन्यात झालेलं बोलणं पुढे उपयोगी पडत नाही. आणि आवडल्या नाहीत म्हणून बाथरूमच्या टाइल तुम्हीच फोडून बदलल्या, तर नंतरच्या गळतीला बिल्डर हात वर करणार आणि तेव्हा त्याच्याशी वाद घालणं अवघड जाईल. टाइल अगदीच सहन होत नसतील तरच त्या वाटेला जा.

खिडक्या तपासायला पावसाळ्यासारखी सोय नाही. जोराची सर येऊन गेली की स्लायडिंग खिडकीच्या खालच्या पट्टीत बघा. त्या पट्टीला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात, आत आलेलं पाणी त्यांतून निघून जावं म्हणून. नव्या इमारतीत ती बऱ्याचदा सिमेंटने किंवा रंगाने बुजलेली असतात. मग पट्टी भरते आणि पाणी आतल्या भिंतीवर उतरतं. लोकांना वाटतं भिंत गळते. काडीने भोकं मोकळी करा आणि पुढच्या सरीला परत बघा. तरीही चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात ओल दिसली तर चौकट आणि भिंत यांच्यातलं सीलंट कमी पडलं आहे, ते यादीत घाला.

बाकीची यादी पटकन होते. फरशीवर काठीने ठकठक करत फिरा, पोकळ वाजेल तिथे मास्किंग टेपचा तुकडा लावा. प्रत्येक सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. बोर्डातल्या आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबल्यावर खटका पडतो का, तेही बघा.

बिल्डर दुरुस्त्या करत असतो तेव्हा आपला वेळ वाया जात नसतो. मोजमाप आणि नकाशे याच दिवसांत होतात. ब्रोशरमधल्या मापांवर कोणी कपाटाची ऑर्डर देत असेल तर त्याला थांबवा. पुनावळ्याच्या त्या भिंतीचं माप जमिनीलगत बरोबर सात फूट भरलं, कमरेच्या उंचीला पाऊण इंच कमी, आणि वर सिलिंगजवळ एक इंच कमी. भिंती ओळंब्यात नव्हत्या, आणि एवढा फरक बहुतेक इमारतींत असतोच. भिंतीपासून भिंतीपर्यंतचं कपाट नेहमी सगळ्यात लहान मापाला बनवायचं आणि उरलेली फट पट्टीने भरायची. कोपरा गुण्यात आहे का हे टेपने कळतं: कोपऱ्यातून एका भिंतीवर तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर खूण, दोन खुणांमधलं अंतर पाच फूट भरलं पाहिजे. किचनच्या कोपऱ्यात हे जरूर करा, नाहीतर ट्रॉल्या एकमेकींना घासतात.

आता पलंग. हा भाग मी सगळ्यांना सावकाश करायला लावते, कारण विजेचे सगळे पॉइंट इथूनच ठरतात. मास्टर बेडरूम दहा बाय बारा. दहा फुटी भिंतीला कपाट, त्याची खोली दोन फूट. म्हणजे बारा फुटांतले दहा उरले. पलंगाची उशाची बाजू बारा फुटी भिंतीला. सहा फुटी पलंग घेतला तर दोन्ही बाजूंना मिळून चारच फूट उरतात. कपाटाचं दार उघडून समोर उभं राहायला अडीच फूट तरी लागतात, मग खिडकीकडे राहतात फक्त दीड. त्या बाजूला आजी झोपणार होत्या आणि रात्री उठताना त्यांना भिंतीला टेकत जावं लागलं असतं. पाच फुटी पलंग घेतल्यावर दोन्हीकडे अडीच-अडीच फूट मिळाले. हे कागदावर कोणाला पटत नाही. म्हणून आम्ही जमिनीवर मास्किंग टेपने कपाट आणि पलंग आखतो आणि घरच्यांना त्यात चालायला सांगतो. ‘इथे माझा पाय लागतो गं,’ असं आजींनी टेपच्या पलंगाला वळसा घालतानाच सांगितलं आणि चर्चा संपली.

ही आखणी झाल्यावर बिल्डरचे बोर्ड बघितले. त्याने पलंग भिंतीच्या मधोमध धरून कपाटाच्या भिंतीपासून तीन फुटांवर एक आणि नऊ फुटांवर एक बोर्ड दिला होता. आपला पलंग साडेचार फुटांपासून साडेनऊ फुटांपर्यंत येणार. एक बोर्ड दीड फूट लांब, हात पुरत नाही, आणि दुसरा थेट पलंगाच्या पाठीमागे. पूर्वीच्या विटांच्या भिंतीत झिरी मारून बोर्ड सरकवला असता. पण हल्लीच्या बऱ्याच उंच इमारती ॲल्युमिनियमचे साचे लावून ओततात, साइटवर ज्याला मायव्हान म्हणतात. त्यात आतल्या भिंतीही काँक्रीटच्या असतात, आत सळई असते, आणि त्यांत झिरी मारायला परवानगी नसते. ती मारूही नये, त्या भिंती इमारतीचं वजन पेलतात. तुमची इमारत तशी आहे की नाही हे बिल्डरच्या इंजिनिअरला विचारा. पुनावळ्यात आम्ही पलंगाच्या पाठीचं प्लायचं पॅनेल दोन इंच पोकळ ठेवलं, झाकल्या जाणाऱ्या बोर्डातून वायर त्यातून फिरवली आणि दोन्ही कडांना नवे स्विच दिले. जुना बोर्ड पुरून टाकला नाही. त्याच्यासमोर पॅनेलला काढता येणारी झडप ठेवली.

जुलैच्या सुरुवातीला खरं काम सुरू झालं. त्याआधी सोसायटीचा किंवा बिल्डरचा इंटिरियरचा परवाना, डिपॉझिट, कामगारांचे पास आणि लिफ्टच्या वेळा हे उरकून घ्या. राडारोडा कुठे टाकायचा तेही विचारून ठेवा. डिपॉझिट बहुतेक वेळा त्याच्यावरूनच कापलं जातं.

पहिला मान इलेक्ट्रिशियनचा आणि एसीवाल्याचा. एसी अजून विकत घ्यायचा नसला तरी जिथे बसणार तिथपर्यंतचे तांब्याचे पाइप आणि पाणी वाहून नेणारा पाइप आत्ताच टाकून घ्या. सिलिंग झाल्यावर ते उघड्यावरूनच न्यावे लागतात. सिलिंग बंद करण्याआधी दोन गोष्टी समोर करून घ्यायच्या. पाण्याच्या पाइपात वरच्या टोकाने तांब्याभर पाणी ओतायचं, ते न अडखळता बाहेर पडलं पाहिजे. अडखळलं तर उतार कमी आहे, आणि पुढच्या मे महिन्यात तेच पाणी सिलिंगवर पिवळा डाग पाडेल. तांब्याच्या पाइपात नायट्रोजन भरून रात्रभर ठेवायचा, सकाळी प्रेशरचा काटा तिथेच असला पाहिजे. हे झालं की प्रत्येक भिंतीचा आणि छताचा, शेजारी उघडा टेप धरून, फोटो काढून ठेवा. पुढे पडद्याचा रॉड लावताना तोच कामाला येतो.

किचनमध्ये सिंकखालचे पाइप, आरओचं पाणी आणि त्याच्या वाया जाणाऱ्या पाण्याची नळी, चिमणीच्या पाइपाचं भोक हे सगळं ट्रॉल्यांच्या आधी. पाइप गॅसची लाइन येणार असेल तर तिचा मीटर आणि व्हॉल्व्ह बंद कपाटात कोंडू नका, हवा खेळती हवी आणि हात सहज पोचला पाहिजे.

मग सिलिंग, आणि त्यानंतर सुतार. प्लायवूड आलं की शीटवरचा शिक्का वाचा. सिंकखाली आणि बाथरूमच्या भिंतीलगत आयएस 710 क्रमांकाचं, ज्याला दुकानात मरीन म्हणतात ते. बाकी कपाटांना आयएस 303 मधलं बीडब्ल्यूआर पुरतं. सगळीकडे मरीन लावायचा आग्रह होतो, मला तो उगाच खर्च वाटतो. शिक्क्यावर आयएसआय चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ या ॲपवर टाकला की कोणत्या कंपनीला आणि कशासाठी परवाना दिला आहे ते दिसतं. नाव जुळलं नाही तर शीट परत पाठवा. कापायला घेतल्यावर दुकानदार परत घेत नाही. पावसाळ्यात शीट भिंतीला टेकवून ठेवू देऊ नका, वाकतात. जमिनीवर लाकडाच्या पट्ट्या टाकून त्यांवर आडव्या रचायच्या. बाथरूमच्या भिंतीला लागणारं कपाट असेल तर पाठ आणि भिंत यांत अर्ध्या इंचाची फट ठेवून घ्या.

सुतारकामाला या घरात सहा आठवडे लागले, आणि मधला गणपतीचा आठवडा त्यात धरलेला होता. तो धरावाच लागतो. रंगारी कोकणातले असतील तर गणपतीला गावी जाणारच, सुतार राजस्थान किंवा उत्तर प्रदेशातले असतील तर दिवाळीला किंवा होळीला. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी वेळापत्रकात कोणी लिहीत नाही.

रंगाच्या बाबतीत नव्या इमारतीचा आणि पावसाळ्याचा त्रास दुहेरी. भिंत आतून अजून वाळत असते. पुट्टीआधी ती कोरडी आहे का हे बघायला दीड फुटी जाड प्लास्टिकचा चौकोन भिंतीवर लावा, चारही कडा टेपने बंद करा आणि एक दिवस थांबा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येत आहे, पुट्टी थांबवा. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर तो फक्त हवेतला दमटपणा. ओल्या भिंतीवर घाईने पुट्टी मारली की काही महिन्यांत फुगे येतात आणि पोपडे सुटतात. पुट्टी, प्रायमर आणि रंगाचा पहिला हात सुतारकाम संपता संपता होतो, आणि शेवटचा हात दारं, हँडल, दिवे सगळं बसल्यावर, कारण बसवताना भिंतीला ओरखडे पडतातच. लाकडाला पॉलिश करायचं असेल तर भर पावसात करू नका. दमट हवेत त्यावर पांढरी झाक येते.

आता मुहूर्ताचं. ताब्याच्या दिवशी किंवा लगेचच्या चांगल्या दिवशी कलशपूजन करा, दूध उतू घाला. त्याने आमच्या कामाला काहीच अडत नाही आणि घरच्यांच्या मनातली घाईही कमी होते. वास्तुशांत मात्र रंगाच्या शेवटच्या हाताआधी ठेवा. होमाचा धूर पांढऱ्या सिलिंगवर बसतो आणि पुसला जात नाही, वरून हात मारला की झाकला जातो. पुनावळ्याच्या घरात सुतारकाम संपलं तेव्हा पितृपक्ष लागत होता. त्या पंधरवड्यात वास्तुशांत होणार नव्हती. म्हणून गुरुजींना विचारून आम्ही ती त्याच्या आधीच्या मुहूर्तावर, पहिला हात झालेल्या घरात उरकली. मग पितृपक्षात शेवटचा रंग आणि साफसफाई झाली, आणि दसऱ्याला सामानाचा टेम्पो आला.

रंग संपल्यावर आणि सामान येण्याआधी किमान आठ-दहा दिवस मोकळे ठेवा. नव्या प्लायवूडच्या गोंदातून आणि चिकटवण्याच्या गमातून जो उग्र वास येतो त्यात फॉर्मल्डिहाइड असतं. डोळे चुरचुरतात, दमा असलेल्यांना त्रास होतो. सगळी कपाटं, ड्रॉवर सताड उघडे आणि खिडक्या उघड्या ठेवणं हाच त्यावरचा उपाय. कापूर किंवा सुगंधी फवारे वास फक्त दडवतात.

शेवटचा हप्ता, साधारण दहा टक्के, सामान लावून काही दिवस राहून झाल्यावर द्या, आणि हे आधीच लिहून घ्या. राहायला लागल्याशिवाय कळत नाही की कुठला ड्रॉवर अडतो. पावसाळ्यात बनवलेल्या कपाटांची दारं डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी झाली की जराशी आकसतात, फटी वेड्यावाकड्या दिसू लागतात. तो दोष नाही, बिजागरीचे स्क्रू फिरवून जुळवायचं काम आहे. सुतारासोबतच्या करारात जानेवारीतली एक फेरी आत्ताच लिहून ठेवा, तेव्हा तो दुसऱ्या कोणाच्या घरी असेल.

कळावे,
तुमची इंटिरियर डिझायनर